बासरी घेताय? दुकानातच सूर तपासा, फक्त पाच मिनिटं लागतात

जत्रेतली रंगीत बासरी दिसायला छान असते, पण बेसूर असेल तर शिकणाऱ्याला आपलंच चुकतंय असं वाटतं. क्लास सुटतो तो अनेकदा इथेच.

आधी प्रकार ठरवा. हिंदुस्थानी पद्धतीच्या बासरीला फुंकायचं भोक सोडून साधारण सहा भोकं असतात, वरची तीन बंद केली की सा येतो. कर्नाटक पद्धतीच्या बासरीला भोकं जास्त, आणि सा वरची दोन बंद केल्यावर येतो. बेळगाव, हैदराबादकडच्या दुकानांत दोन्ही मिळतात, म्हणून गुरुजींना विचारूनच घ्या. नवख्याला पांढरी एक, म्हणजे सी स्केलची मध्यम बासरी बरी. मैफलीतल्या लांब बासरीवर लहान बोटं पोचत नाहीत.

आता सूर. मोबाईलवर ट्यूनर ॲप घ्या आणि वाजवायला दुकानदाराला सांगा, कारण नवख्याची फुंक डळमळते. बासरी दोन मिनिटं वाजून गरम होऊ द्या. मग तीन भोकं बंद करून सा, ॲपवर सी दिसायला हवा. सहाही बंद करून खालचा पंचम, तिथे जी. मग तेच दोन्ही स्वर जोरात फुंकून वरच्या सप्तकात.

समजा, एसीच्या दुकानात सगळेच स्वर २० सेंट उतरलेले दिसले. (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) घाबरू नका. हवा एक अंश थंड झाली की बासरी साधारण तीन सेंट उतरते, त्यामुळे सात अंशांच्या फरकाने एवढं होतंच. पण सा बरोबर आणि एकटा पंचम २० सेंट खाली, किंवा खालचा सा जुळतो नि वरचा नाही, तर दोष बासरीतच आहे. ती फुंकीने सुधारत नाही, परत ठेवा.

बांबू सरळ हवा. उजेडात धरून केसासारखी चीर आहे का बघा, विशेषतः भोकांजवळ. दोऱ्याची गुंडाळी चीर पसरू नये म्हणून असते, पण तिच्याखाली जुनी चीर लपलेली नाही ना, हेही विचारा. उन्हात गाडीत बासरी ठेवू नका, बांबू तडकतो. अगदी लहान मुलासाठी चांगल्या सुरातली प्लास्टिक बासरीही चालते, ती तडकत नाही.

कुठून घ्यावी? मिरजेची ख्याती सतार-तानपुऱ्याची, बासरीसाठी उत्तर प्रदेशातलं पिलीभीत प्रसिद्ध. मुंबईचे आनंद धोत्रे, दिल्लीचे सुभाष ठाकूर हे कारागीर वादकांमध्ये माहीत आहेत. ऑनलाइन मागवताना त्याच बासरीचा, ट्यूनर दिसेल असा व्हिडिओ मागा आणि बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.