दुकानाचा ब्रॉडकास्ट मेसेज: लोक वाचतील की ब्लॉक करतील?

मागच्या जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत सहावीतली एक मुलगी रंगीत कपड्यात उभी होती. विचारलं तर म्हणाली, "सर, गणवेश शिवायला टाकलाय, दुकानवाल्यांनी काही कळवलंच नाही." दुकान आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचं. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. त्याने मोबाइल दाखवला. "सर, चार दिवसांपूर्वीच मेसेज टाकलाय, ही बघा टिक." टिक होती, पण एकच. त्याला वाटलं होतं फोन बंद असेल. दुसऱ्या दिवशी मुलीची अम्मी भेटली आणि खरं कारण कळलं. रोजच्या जाहिरातींना कंटाळून त्यांनी दुकानाचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. ब्लॉक केलेल्या नंबरवरून आलेला कामाचा मेसेजही पोहोचत नाही. पाठवणाऱ्याला फक्त एक टिक दिसत राहते.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी बसून त्याचा मेसेज दुरुस्त केला. काय केलं ते इथे सांगतो. गणवेशाचं दुकान असो की किराण्याचं, पद्धत तीच आहे.

त्याचा मूळ मेसेज असा होता:

> 🔥🔥 धमाका ऑफर!! धमाका ऑफर!! 🔥🔥 आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की आमच्याकडे सर्व शाळांचे गणवेश, दप्तरे, बूट, वह्या योग्य दरात मिळतील. 50% पर्यंत भव्य सूट!! आजच भेट द्या, संधी सोडू नका!! हा मेसेज 10 जणांना पाठवा 🙏🙏

पहिलं काम आम्ही खोडण्याचं केलं. वर्गात निबंध तपासताना जो प्रश्न आम्ही विचारतो तोच इथे विचारला: हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही दुकानाच्या मेसेजमध्ये जसंच्या तसं बसेल का? बसत असेल तर ते खोडायचं. "धमाका", "सन्माननीय ग्राहक", "अत्यंत आनंद", "योग्य दरात", "संधी सोडू नका" हे सगळं गेलं. शेवटी उरलं काय? गणवेश, दप्तर, बूट, वह्या आणि 50 टक्के. त्यातले 50 टक्के फक्त मागच्या वर्षीच्या उरलेल्या दप्तरांवर होते. "पर्यंत" हा शब्द कुणी वाचत नाही. लोक अर्ध्या किमतीत गणवेश मागायला येत आणि काउंटरवर वाद होई. म्हणून तेही काढलं. दप्तरांची सूट सांगायची असेल तर ती वेगळी, किमतीसकट सांगावी.

दुसरं काम, आई-बापाच्या जागी बसून विचार करणं. मेसेज उघडणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात: हे माझ्या मुलासाठी आहे का, पैसे किती लागतील आणि मी आता काय करायचं. एवढ्याची उत्तरं लिहिली की मेसेज तयार होतो. नवा मेसेज असा झाला:

> *मुलींचा गणवेश आला: 5वी ते 7वी, उर्दू शाळा*
> सलवार, कमीज, ओढणी, तिन्ही मिळून:
> साइज 28, 30, 32: ₹620
> साइज 34, 36: ₹680
> साइज 26 शुक्रवारी संध्याकाळी येईल.
> मुलीला सोबत आणा, किंवा जुन्या कमीजची छाती आणि उंची मोजून इथेच पाठवा.
> बिल असेल तर 30 जूनपर्यंत साइज बदलून मिळेल. धुतलेला कपडा बदलता येणार नाही.
> दुकान सकाळी 10 ते रात्री 9. शुक्रवारी दुपारी 1 ते 2:30 बंद.
> हे मेसेज नको असतील तर "बंद" एवढंच लिहा.

यात पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. चॅटच्या यादीत मेसेजचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तिथे "धमाका ऑफर" दिसलं की माणूस अंगठा पुढे सरकवतो, "मुलींचा गणवेश आला" दिसलं की थांबतो. ओळीच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा न सोडता तारांकन घातलं की ती ठळक दिसते. मात्र एकच ओळ ठळक करावी. सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही. मेसेज फार लांबला तर पुढचा भाग "अधिक वाचा"च्या मागे लपतो, म्हणून किंमत आणि साइज वरच हवेत.

"साइज 26 शुक्रवारी येईल" ही ओळ लिहायला तो तयार नव्हता. म्हणाला, "सर, माल नाही हे कशाला सांगायचं?" आम्ही म्हटलं, बाबा, रिक्षाचे पैसे खर्चून आलेली बाई रिकाम्या हाताने परत गेली तर पुढचा मेसेज ती उघडेल का? जे नाही ते सांगितलं की जे आहे त्यावर विश्वास बसतो. "आज शेवटचा दिवस" या ओळीचंही तसंच. शेवटचा दिवस खरोखर असेल तरच लिहावं. उद्या पुन्हा तेच लिहिलं की लोकांना खोटं लगेच कळतं.

तिसरं काम यादीचं. त्याच्याकडे सगळे नंबर एकाच ठिकाणी होते, म्हणून दहावीच्या मुलाच्या अब्बूंनाही पहिलीचे बूट दाखवले जात. व्हॉट्सअॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात आणि याद्या अनेक करता येतात. आम्ही शाळा आणि इयत्तेप्रमाणे याद्या केल्या. आणखी एक गोष्ट अनेक दुकानदारांना माहीत नसते. ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेला आहे त्यालाच ब्रॉडकास्ट पोहोचतो. म्हणून बिल देतानाच विचारावं: "गणवेश आला की कळवू का? मग हा नंबर सेव्ह करून ठेवा." हो म्हणेल त्याचंच नाव यादीत घालावं. कुणाच्या तरी ग्रुपमधून उचललेले नंबर घालू नयेत.

"बंद" लिहिणाऱ्याचं नाव त्याच दिवशी यादीतून काढावं, का म्हणून विचारू नये. यात दुकानदाराचाच फायदा आहे. यादीतून निघालेल्या माणसाला त्याचा शिवलेला कपडा तयार झाल्याचा वेगळा मेसेज पोहोचू शकतो. ब्लॉक केलेल्याला तोही पोहोचत नाही. शिवाय खूप लोकांनी रिपोर्ट केलं तर नंबरच बंद पडू शकतो.

पाठवण्याआधी मेसेज स्वतःच्याच नंबरवर टाकून बघावा. किंमत, तारीख, वार नीट तपासावेत. पाठवल्यावर मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली की कुणाला पोहोचला आणि कुणी वाचला ते दिसतं. काहींनी निळी टिक बंद ठेवलेली असते, त्यामुळे वाचलेल्यांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. त्यापेक्षा उत्तरांकडे बघावं. "किंमत काय?" असं बरेच जण विचारत असतील तर मेसेजमध्ये काहीतरी राहून गेलंय. थेट माप येऊ लागलं तर मेसेज जमला.

आमच्या विद्यार्थ्याला पहिल्याच संध्याकाळी एका घरून उत्तर आलं: "छाती 29, उंची 36, कुठली साइज?" धमाका ऑफरला असं उत्तर त्याला कधी आलं नव्हतं. आता तो महिन्यात दोनदाच मेसेज पाठवतो, तेही सांगण्यासारखं काही असेल तरच. आणि शिवायला टाकलेला कपडा तयार झाला, पण टिक एकच राहिली, तर दुसऱ्या दिवशी सरळ फोन करतो.