खांबाआडची अक्षरे

आमच्या शेजारचा मुलगा एकदा एस.टी.ने नाशिकला गेला होता. रस्त्याच्या पलीकडे मोठा फलक दिसला. त्याने लांबूनच मोबाइलवर फोटो काढला आणि घरी येऊन म्हणाला, "गुरुजी, डोळ्यांचं काहीतरी आहे. आमच्या आईच्या कामाचं दिसतंय. पण मधेच खांब आलाय हो!"

आम्ही फोटो बोटांनी मोठा केला. अक्षरे मोठी झाली, पण खांब काही हटला नाही. जे फोटोत आलेच नाही, ते मोठे करून कसे दिसणार?

मग आम्ही पाटी घेतली. जे दिसते तेवढेच लिहिले आणि झाकलेल्या जागी रेघ मारली. पहिल्या ओळीत होते, 'मोफत मो–बिंदू तपासणी'. मधे लिंबाची फांदी होती. फांदीच्या वर एका वेलांटीचे टोक दिसत होते. जागा एका अक्षराची, वर वेलांटी, पुढे 'बिंदू'. तेव्हा शब्द 'मोतीबिंदू' हे उघड झाले.

दुसऱ्या ओळीत होते, 'पं–वटी, नाशिक'. इथे विजेच्या खांबाने एक अक्षर झाकले होते. नाशिकची अशी जागा कोणती? पंचवटी! 'च' बरोबर बसला.

तिसरी ओळ होती, 'रविवार, दि. १–'. एकावरचा आकडा खांबाआड होता. आम्ही दिनदर्शिका पाहिली. त्या महिन्यात रविवार ५, १२, १९ आणि २६ तारखेला होते. म्हणजे १२ नाही तर १९. खांबाच्या कडेला आकड्याची खालची शेपटी तेवढी दिसत होती. पण २ ला शेपटी असते, तशी ९ लाही असते. मुलगा म्हणाला, "एकोणीसच असेल."

आम्ही म्हटले, "थांब बाबा. शब्द अर्थावरून जुळतो, आकडा जुळत नाही. तिथे कोणताही आकडा बसतो. चुकलास, तर आईची फेरी फुकट जाईल."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथे गेला. या वेळी तो चार पावले डावीकडे सरकला. खांब जवळ असतो आणि फलक लांब. म्हणून आपण बाजूला सरकलो की खांब अक्षरांवरून सरकतो. फांदी असेल, तर वाऱ्याने ती हलेपर्यंत थांबावे आणि दुसरा फोटो काढावा.

नव्या फोटोत आकडा स्वच्छ दिसला. तारीख १२ होती. १९ धरून बसलो असतो, तर शिबिर उरकून आठवडा झाला असता.

मायलेक १२ तारखेला सकाळच्या गाडीने नाशिकला गेली.