लाल पिशवी धोक्याची नसते

जुहू चौपाटीवर अनवाणी खेळताना मुलाच्या पायात खिळा जातो आणि आई त्याला जवळच्या दवाखान्यात आणते. डॉक्टर हातमोजे घालतात, जखम धुतात, ड्रेसिंग करतात आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. दहा मिनिटांचं काम, पण मागे उरलेला कचरा पाच ठिकाणी जायला हवा. बहुतेक दवाखान्यांत चुका होतात त्या इथेच.

सगळ्यात हट्टी गैरसमज रंगाचा आहे. लाल म्हणजे धोका, म्हणून रक्त लागलेलं सगळं लाल पिशवीत, असं कंपाउंडर आणि मावशी सहज धरून चालतात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत मात्र रंग ठरतो तो त्या वस्तूचं पुढे काय करायचं आहे यावरून. लाल पिशवीत जातं ते वापरलेलं प्लास्टिक आणि रबर: सुई काढलेली सिरिंज, सलाइनची नळी, हातमोजे. हे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून त्याचे तुकडे करतात आणि ते पुनर्वापराला पाठवतात. रक्ताचा कापूस आणि गॉज पिवळ्या पिशवीत जातात, कारण ते जाळायचे असतात. मुदत संपलेली औषधंही पिवळ्यातच.

मग शंका नको म्हणून सगळंच पिवळ्यात टाकलं तर? हा दुसरा गैरसमज, आणि तो जास्त महाग पडतो. पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लास्टिक भट्टीत गेलं की डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. मुंबईचा हा कचरा वर्षानुवर्षे गोवंडीच्या सामायिक प्रकल्पात जात आला. तिथल्या रहिवाशांनी धुराविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्प दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. जुहूच्या पिवळ्या पिशवीत काय पडतं, याचा गोवंडीच्या हवेशी असा थेट संबंध होता.

त्या मुलाच्या इंजेक्शनची सुई सिरिंजपासून वेगळी होते ती नीडल कटरमध्ये, आणि कापलेला भाग पांढऱ्या, सुईने भोसकला न जाणाऱ्या डब्यात जातो. औषधाची फुटलेली काचेची कुपी निळ्या खुणेच्या मजबूत खोक्यात. सिरिंजचं वेष्टण साध्या कचऱ्यात. त्याला पालिकेचा सुका कचरा पुरे. इन्शुलिनच्या सिरिंजची सुई मात्र निघत नाही, म्हणून ती अख्खीच पांढऱ्या डब्यात टाकायची.

‘टोपण लावून टाकलं की सुई सुरक्षित’ हेही चुकीचं. टोपण लावतानाच सुई बोटात घुसते. तसंच, सिरिंज कापून निकामी करण्याला काही जण सोपस्कार समजतात. 2009 मध्ये गुजरातच्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ पसरली, बरेच बळी गेले आणि तपासाचा रोख वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्याकडे वळला. अखंड सिरिंज भंगारात विकली जाते. कापलेलीला गिऱ्हाईक नसतं.

साठवणीबाबत ‘48 तास’ सगळ्यांना पाठ असतं, पण कशाचे, हे नसतं. ही मर्यादा प्रामुख्याने रक्ताच्या कापसासारख्या पिवळ्या, प्रक्रिया न झालेल्या कचऱ्याची आहे. सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. काठोकाठ भरेपर्यंत थांबलं तर वरची सुई दाबताना हाताला लागते. पावसाळ्यात पिवळी पिशवी दोन दिवसांच्या आतच वास मारू लागते, त्यामुळे जिन्याखालचा कोपरा किंवा रुग्णांच्या बाकामागची जागा साठवणीला चालत नाही. कुलूप लावता येईल आणि मांजर, उंदीर शिरणार नाहीत अशी जागा हवी.

‘आमच्याकडे खाटा नाहीत, नियम मोठ्या रुग्णालयांना’, हे वाक्य छोट्या दवाखान्यांतून वारंवार ऐकू येतं. खाट नसलेल्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागतेच. सवलत एवढीच की ती एकदाच घ्यायची असते. आपली भट्टी लावण्याचाही प्रश्न येत नाही, कारण 75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रकल्प असेल तर नियमच तसं करू देत नाहीत.

राहतं ते दप्तर. प्रत्येक पिशवीवर बारकोड हवा. कचरा नेणारी गाडी येण्यापूर्वी रंगानुसार वजन करून रोजच्या नोंदवहीत तारीख आणि वजन लिहायचं आणि नेणाऱ्याची सही घ्यायची. प्रकल्पाची पावती ही या वहीची जागा घेत नाही. महिन्याभराच्या नोंदी शेवटच्या दिवशी एकाच पेनाने भरल्या, तर वजनं संशयास्पद सारखी दिसतात आणि तपासणीत तेच आधी नजरेत येतं. सुई टोचल्याची घटनाही त्याच दिवशी लिहायची, कारण वार्षिक अहवालात अपघातांची संख्या विचारली जाते. हा अहवाल फॉर्म 4 मध्ये दरवर्षी 30 जूनपर्यंत मंडळाकडे द्यायचा आणि सगळ्या नोंदी 5 वर्षं जपायच्या.