चौकट सारखी, चेहरे मात्र लहानमोठे

कंपनीच्या सादरीकरणात ‘आमची टीम’ ही स्लाइड असतेच. सहा जणांचे फोटो मागवले, की एक पासपोर्टचा येतो, एक राजगडावरचा, तर एक कुणाच्या तरी लग्नातला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात असलेला.

पॉवरपॉइंटमध्ये `Crop`, मग `Aspect Ratio` आणि `1:1` निवडलं, की चौकोन मिळतो. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. चौकोन सारखे होतात, पण पासपोर्टवाल्याचं डोकं भोपळ्याएवढं आणि गडावरच्याचं लिंबाएवढं दिसतं. म्हणून क्रॉप चालू असतानाच चौकटीला हात न लावता आतला फोटो लहानमोठा करायचा. हनुवटीपासून केसांपर्यंतचं अंतर सगळ्यांचं सारखं हवं. स्लाइडवर एक आडवी गाइड रेघ ठेवून सगळ्यांचे डोळे तिच्यावर आणायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो फार ताणला तर चेहरा फुटतो; तेव्हा सरळ दुसरा मागवावा.

स्लाइड साधारण 33.87 सेंटीमीटर रुंद असते. दोन्ही कडांना 2 सोडून 4 सेंटीमीटरचे सहा फोटो बसवले, तर मधल्या पाच फटी जेमतेम 1.17 च्या. टोकाचे दोन फोटो जागेवर ठेवून, सगळे निवडून `Distribute Horizontally` दाबलं की हे गणित आपोआप होतं.

नावांचं दुखणं वेगळंच. ‘कुलकर्णी-देशपांडे’ दोन ओळींत गेलं, की खालचं पद शेजाऱ्यांच्या पदांपेक्षा खाली घसरतं. त्यामुळे पदाची चौकट मी वेगळीच करते आणि नावाला आधीच दोन ओळींची जागा सोडते.