दोनाचे आठ का झाले?

भाचीने रात्री फोनवर एक फोटो पाठवला. क्रिप्टोग्राफीच्या तासाला मिळालेली वर्कशीट होती. कागदाला मधोमध घडी पडलेली, वर ट्यूबलाइटची चकाकी. खाली तिचा निरोप: "मामा, २ चं गुपित केलं, पण उलगडल्यावर ८ येतात. तीनदा केलं!"

पहिली अडचण फोटोचीच होती. p = 3, q = 11, n = 33 एवढं स्वच्छ दिसत होतं. पण e चा आकडा नेमका घडीवर आलेला, १ की ७ ते कळेना. तो १ असणं शक्य नव्हतं, कारण कुठल्याही संख्येचा पहिला घात म्हणजे तीच संख्या; मग लपणार काय? म्हणजे ७.

आरएसएची ही अगदी छोटी मांडणी. दोन मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार ३३. मग प्रत्येकीतून एक वजा करून गुणायचं: २ × १० = २०. आपली ७ ही संख्या आणि हे २० यांच्यात १ सोडून सामाईक विभाजक नाही, म्हणून ७ चालते. ३३ आणि ७ जगाला सांगून टाकायचे. कुणाला २ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा असेल, तर त्याने २ चा सातवा घात काढावा, म्हणजे १२८, त्याला ३३ ने भागावं आणि उरलेली बाकी पाठवावी. ९९ गेले, २९ उरले. इथवर भाचीचं बरोबर होतं.

उलगडायला गुप्त आकडा d लागतो. ७ ला d ने गुणून आलेल्या संख्येला २० ने भागलं की बाकी १ उरली पाहिजे. ७ × ३ = २१, म्हणून d = ३. तिने लिहिलं होतं १९. हे १९ आले कुठून? ७ × १९ = १३३, त्याला २० ने भागलं तर बाकी १३. पण ३३ ने भागलं तर बाकी बरोबर १. चूक तिथेच सापडली: तिने d काढताना २० ऐवजी ३३ ने भागलं होतं. संपूर्ण वर्कशीटभर ३३ नेच भागत आल्यावर इथेही हात तिकडेच जातो.

हा फरक पटायला हवा, म्हणून मी तिला २ चे घात ओळीने लिहायला लावले, दरवेळी ३३ ने भागून उरणारी बाकी तेवढी ठेवत: २, ४, ८, १६, ३२, ३१, २९, २५, १७, १. अकराव्या घाताला पुन्हा २. दहा पावलांत फेरी पूर्ण. म्हणजे संख्या ३३ च्या हिशोबाने बदलतात, पण पावलं मोजायची ती फेरीच्या हिशोबाने, आणि दहाची फेरी वीस पावलांत नेमकी दोनदा बसते. सातव्या घाताचा पुन्हा तिसरा घात म्हणजे एकविसावं पाऊल: दोन फेऱ्या आणि वर एक, आपण परत २ वर. तिच्या १९ ने मात्र एकशे तेहतिसावं पाऊल पडलं. तेरा फेऱ्या आणि वर तीन पावलं. यादीतला तिसरा आकडा ८. तिची आकडेमोड अगदी चोख होती, पण किल्ली दुसऱ्याच कुलुपाची!

मग तिने २९ चा तिसरा घात हाताने काढला. २९ चा वर्ग ८४१, बाकी १६. १६ × २९ = ४६४, बाकी २. प्रत्येक गुणाकारानंतर लगेच भागत गेलं की आकडे फुगत नाहीत. मोठ्या किल्ल्यांसाठी संगणकही असंच दर टप्प्याला भागतो.

यात गुपित कुठे आहे? त्या २० मध्ये. ३३ पाहताच ३ आणि ११ सुचतात, म्हणून २० काढता येतात आणि d हाती लागतो. पण n लांबलचक असेल तर त्याचे दोन मूळ घटक शोधणं फार कठीण. २५० अंकी आरएसए-२५० चे घटक २०२० साली सापडले, तेही असंख्य संगणक कामाला लावून. रोजच्या वापरातल्या २०४८ बिटांच्या किल्लीचा n ६१७ अंकी असतो.

वर्कशीटवरचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडला: ३५ पाठवा. भाचीने पाठवून पाहिले. उलगडल्यावर २ आले. यावेळी किल्ली बरोबर होती, पण ३५ ला ३३ ने भागल्यावर २ च उरतात, त्यामुळे पाठवणाऱ्याचे ३५ पहिल्याच पायरीला हरवले. संदेशाचा आकडा n पेक्षा लहानच हवा. आरएसए मांडणाऱ्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७८ च्या आपल्या निबंधात जे उदाहरण सोडवलं, त्यात मूळ संख्या होत्या ४७ आणि ५९, गुणाकार २७७३. इंग्रजी अक्षरांना ०१ ते २६ आणि रिकाम्या जागेला ०० असे आकडे देऊन त्यांनी दोन-दोन अक्षरांचे गट केले. मोठ्यात मोठा गट २६२६, म्हणजे २७७३ च्या आत. तीन अक्षरांचा गट केला असता, तर त्यांच्याही संदेशाचं या ३५ सारखंच झालं असतं.