दोनची वेस ओलांडली की सुटका

मँडेलब्रॉट संचाचं चित्र एकाच सूत्रातून उमटतं: z → z² + c. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक संमिश्र संख्या c. सुरुवात z = 0 पासून करायची, वर्ग करून c मिळवायचा आणि आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालायचं.

c = 1 + i घ्या. पहिलं उत्तर 1 + i, दुसरं 1 + 3i. त्याचं शून्यापासूनचं अंतर सुमारे 3.16. अंतर 2 च्या पुढे गेलं की z कधीच परतत नाही, म्हणून इथे दोन पायऱ्यांतच थांबायचं. हा पायऱ्यांचा आकडाच ठिपक्याचा रंग ठरवतो. उलट c = −1 घेतल्यास 0 आणि −1 एवढीच उत्तरं आलटूनपालटून येतात. तो ठिपका काळा.

खरी अडचण काठावर येते. c = 0.2501 ला निसटायला तीनशेहून अधिक पायऱ्या लागतात. कमाल मर्यादा 100 ठेवली, तर तो चुकून काळा दिसेल. म्हणून मर्यादा दुप्पट करून पाहावी. काळा भाग आक्रसला, तर आधीची मर्यादा अपुरी होती.