कधी सुरू होणार, तेवढं सांगा

५ एप्रिल २०२२. भारतात दुपारचा एक वाजून गेला होता. अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन सॉफ्टवेअर कंपनीला ग्राहकांच्या साइटवरून एक जुने, आता नको असलेले अ‍ॅप काढून टाकायचे होते. त्यासाठी चालवलेल्या स्क्रिप्टला अ‍ॅपच्या क्रमांकांऐवजी अख्ख्या साइटचे क्रमांक दिले गेले. यंत्रणेने ते निमूट मानले आणि २३ मिनिटांत ८८३ साइट पुसल्या.

या कंपनीचे ‘जिरा’ म्हणजे कार्यालयाची कामाची वही. कोणते काम कोणाकडे आहे, कुठवर आले आहे, हे सगळे त्यात नोंदलेले असते. ती वहीच गायब झाली. शेवटच्या ग्राहकाला साइट परत मिळायला १८ एप्रिल उजाडला.

चूक कोणाकडूनही होते. पण या प्रकरणात ग्राहक चिडले ते त्यानंतरच्या शांततेने. साइटबरोबर ग्राहकांचे संपर्क तपशीलही पुसले गेले होते, त्यामुळे कोणाला कळवायचे हेच कंपनीला नीट कळेना. ग्राहकाने तक्रार करायची म्हटली तर फॉर्म चालू साइटचा पत्ता मागायचा, आणि नेमका तोच उरला नव्हता. सविस्तर जाहीर निवेदन आले तेव्हा आठवडा उलटला होता. पूर्ण चित्र हाती येईपर्यंत थांबायला नको होते, जे माहीत आहे आणि जे नाही ते दोन्ही आधीच सांगायला हवे होते, असे कंपनीने पुढे स्वतःच्या अहवालात मान्य केले. ग्राहकांची संपर्कयादी मूळ यंत्रणेबाहेर ठेवायला हवी, हा त्यातला सगळ्यात रोकडा धडा.

सेवा बंद पडल्यावर ग्राहकाला तीन गोष्टी हव्या असतात: माझे काय अडले, तोवर मी काय करू, आणि कधी सुरू होईल. ‘काही मोजक्या ग्राहकांना अडचण येत आहे’ हे वाक्य इथे अक्षरशः खरे होते. दोन लाखांहून अधिक ग्राहकांपैकी ७७५ जणांनाच फटका बसला होता. पण त्या ७७५ जणांचे सगळेच बंद होते. म्हणून परिणाम टक्क्यांत सांगू नये. काय चालत नाही, काय चालते आणि माहिती सुरक्षित आहे का, हे सांगावे. आकडा पुढे बदलू शकतो, तसे म्हणावे. इथेही आधी सुमारे ४०० ग्राहक सांगितले गेले होते.

सगळ्यात अवघड असते ती वेळ. अभियंत्याला विचारले की तो सगळे सुरळीत पार पडले तर लागणारी वेळ सांगतो आणि सूचनेत तीच छापली जाते. अ‍ॅटलासियनच्या पहिल्या पद्धतीत साइटच्या एका गटाला सुमारे ४८ तास लागत. पुढे दुसरी पद्धत सापडली, ती सुमारे १२ तासांची. ११२ साइट पहिल्या पद्धतीने परत आल्या, उरलेल्या ७७१ दुसऱ्या. दुसरी पद्धत सापडेल हे पहिल्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते. अशा वेळी एकच तारीख देणे म्हणजे अंदाजपंचे कारभार. हातातल्या वेगावरून लांबचा अंदाज द्यावा, तो कशावर बेतला आहे ते सांगावे, आणि पुढची खबर कधी देणार ती वेळ मात्र पक्की द्यावी. ती वेळ कंपनीच्या हातात असते. नवे काही घडले नसले तरी पाळता येते.

माझ्या मते त्या पहिल्या संध्याकाळी एवढे लिहिता आले असते:

‘आमच्या चुकीमुळे आज दुपारी तुमची साइट पुसली गेली. हा सायबर हल्ला नाही. बॅकअप आहे, त्यातून साइट परत आणत आहोत. तोवर जिरा उघडणार नाही. जिराकडून आधी आलेल्या ईमेलमध्ये अलीकडच्या कामांचे तपशील सापडतील. नवी कामे एका तक्त्यात लिहून ठेवा. त्यातून जुना पूर्ण इतिहास मिळणार नाही. एका गटाला दोन दिवस लागतील असे दिसते आणि गट बरेच आहेत, म्हणून काही ग्राहकांना आठवड्याहून जास्त थांबावे लागू शकते. तुमचा क्रम अजून ठरलेला नाही. पुढची माहिती आज रात्री नऊला.’

आठवडा वाचून ग्राहक संतापेल, हे खरे. पण तो त्याच रात्री पर्यायी व्यवस्था लावायला घेईल. ‘लवकरच’ वाचणारा मात्र रोज सकाळी साइट उघडून बघत बसतो आणि पाचव्या दिवशी तक्ता करायला घेतो, तेव्हा मधले चार दिवस कोणाच्याच लक्षात नसतात.

साइट परत आल्यावरही एक सूचना लागते. बॅकअपमधून बहुतेकांची माहिती पुसण्याच्या आधीच्या पाच मिनिटांपर्यंतची मिळाली. ‘सेवा पूर्ववत’ एवढेच लिहिले तर मधल्या नोंदी कोणी शोधणार नाही. म्हणून त्या दुपारी एक ते दीडच्या दरम्यान भरलेले काम एकदा तपासा, नसेल तर पुन्हा भरा, हे त्या शेवटच्या निरोपात वेळेसकट लिहावे लागते.